मृत्युपत्रातील लाभार्थ्यांचे वर्णन: कुटुंबात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असतील तर काय लिहावे?

निशिगंध

माझ्या मामांनी मृत्युपत्राचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहून काढला आहे आणि तो स्वच्छ करून टंकलिखित करण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. मामी हयात नाहीत आणि त्यांना अपत्य नाही. मामांचे दोन्ही भाऊ, वसंत आणि जयंत, वारले आहेत. माझी आई ही त्यांची एकमेव हयात बहीण आहे. मसुद्यात तीन ठिकाणी मला शंका वाटते. येथे नावे बदलून ती वाक्ये जशीच्या तशी देतो.

"माझी राहती सदनिका माझी पुतणी सुनीता देशमुख हिला द्यावी."

"माझ्या मुदत ठेवी पुतण्या विलास याच्या तिन्ही मुलांना समान वाटून द्याव्यात."

"माझी देखभाल करणारे श्री. ______ यांना रु. 2,00,000 द्यावेत."

अडचण अशी की पुतणी सुनीता, म्हणजे वसंतमामांची मुलगी, लग्नानंतर शर्वरी निखिल कर्वे झाली आणि तिची आजची सर्व ओळखपत्रे त्याच नावाची आहेत. उलट जयंतमामांचा मुलगा विलास याची पत्नी माहेरची कोणीही असली तरी आज तिचे कागदोपत्री नाव सुनीता विलास देशमुख असे आहे. मामांच्या मनात अर्थातच पुतणी आहे. ते म्हणतात, "घरात सगळ्यांना ठाऊक आहे." तिसऱ्या वाक्यातील रिकामी जागा त्यांनी देखभाल करणाऱ्या दादांचे पूर्ण नाव माहीत नसल्यामुळे ठेवली असून ती नंतर भरू असे त्यांचे म्हणणे आहे. एवढ्यावर भागेल का?

चंद्रकांत

भागणार नाही. मृत्युपत्रात नाव चुकले की ती देणगी रद्द होते, हे पक्के लक्षात ठेवा. उपाय सोपा आहे. प्रत्येकाचा आधार क्रमांक लिहा. बारा अंक जगात एकाच माणसाचे असतात, मग नाते लिहिण्याची गरजच उरत नाही आणि कोण कोणाची पुतणी हा प्रश्नही उद्भवत नाही.

प्रसाद

मामांनी ठेवींवर नामनिर्देशन केले आहे का? केले असेल तर बँक पैसे त्या व्यक्तीलाच देईल आणि मृत्युपत्रात कोणाचे नाव कसे लिहिले याला काही अर्थ राहणार नाही. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला मृत्युपत्र दाखवावेच लागले नाही.

उत्तरा

प्रसाद, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ठेव नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती दिली की बँक मोकळी होते, पण म्हणून ती व्यक्ती त्या रकमेची अंतिम मालक ठरते असे नाही. तुमच्याकडे वाद झाला नाही, कारण बहुधा वारस आणि नामनिर्देशित व्यक्ती एकच होती. येथे मात्र ठेवींवर कोणाचे नाव आहे ते मामांनी तपासून घ्यावे, इतकेच म्हणते.

चंद्रकांत यांचे पहिले विधान मात्र दुरुस्त करणे आवश्यक आहे. दिवाणी दाव्यांत मी बरीच वर्षे काम केले आहे आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. नाव चुकले म्हणून देणगी आपोआप रद्द होत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील कलम 76 असे सांगते की मृत्युपत्रातील शब्दांवरून कोण अभिप्रेत आहे हे पुरेसे कळत असेल, तर नावातील किंवा वर्णनातील चूक आड येत नाही. नावातली चूक वर्णनावरून सुधारता येते आणि वर्णनातली चूक नावावरून. कायद्यातच दिलेले उदाहरण पाहा. एकाने "माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस" यास देणगी दिली. त्या भावाला थॉमस नावाचा मुलगाच नाही, परंतु दुसरा मुलगा आहे आणि त्याचे नाव विल्यम आहे. देणगी विल्यमला मिळते. पुढच्या उदाहरणात शब्द तेच आहेत, पण जॉनचा पहिला मुलगा थॉमस आणि दुसरा विल्यम आहे. तेथे देणगी थॉमसला मिळते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचली की नाव आणि नाते दोन्ही लिहिण्याचे कारण लक्षात येते. पहिल्या उदाहरणात नावाला लागू पडणारा माणूसच नव्हता, म्हणून नात्याने देणगी वाचवली. दुसऱ्यात नाव एकाला आणि "दुसरा मुलगा" हे वर्णन दुसऱ्याला लागू पडत होते, आणि तेथे नाव वरचढ ठरले. आता मामांचे वाक्य पाहा. "पुतणी" हे नाते शर्वरीला लागू पडते, "सुनीता देशमुख" हे आजचे नाव विलासच्या पत्नीला लागू पडते. म्हणजे ही दुसऱ्या उदाहरणाच्या फार जवळची परिस्थिती आहे.

निशिगंध

म्हणजे सदनिका विलासच्या पत्नीला मिळेल?

उत्तरा

तसे म्हणणार नाही. कलम 75 प्रमाणे न्यायालय मृत्युपत्रकर्त्याचे कुटुंब, त्याची परिस्थिती, हक्क सांगणाऱ्या व्यक्ती यांविषयी प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीची चौकशी करते. पुतणीचे जन्मनाव सुनीता वसंत देशमुख होते हे तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून सिद्ध होईल, मामा तिला आजही त्याच नावाने हाक मारतात हे साक्षीदार सांगतील, आणि मग नाव व नाते दोन्ही तिलाच लागू पडतात असे दाखवता येईल. माझ्या मते तिची बाजू बळकट आहे. पण हे सर्व सिद्ध करायचे ते मामा गेल्यानंतर, विलासच्या कुटुंबाशी समोरासमोर उभे राहून. मसुद्यात एक ओळ वाढवली तर ते टळते.

रिकाम्या जागेबाबत मात्र कायदा इतका उदार नाही. लाभार्थ्याच्या नावाची जागा कोरी ठेवून रक्कम लिहिली असेल, तर तेथे कोणते नाव अभिप्रेत होते हे सांगणारा बाहेरचा पुरावा कलम 81 प्रमाणे चालत नाही. एकाच नावाच्या दोन चुलत बहिणी असल्या तर त्यांतली कोण, हे सांगणारा पुरावा कलम 80 प्रमाणे चालतो, कारण ती संदिग्धता मृत्युपत्राच्या शब्दांत दिसत नाही, बाहेरची परिस्थिती पाहिल्यावर उद्भवते. कोरी जागा कागदावरच दिसते आणि ती साक्षीने भरता येत नाही. सहीनंतर मामांनी तेथे नाव लिहिले तरी तो बदल मृत्युपत्रासारखाच सही-साक्षीने पक्का करावा लागतो, नाहीतर तो धरला जात नाही.

दत्ता सावंत

एवढे वाढवून काय उपयोग? आमच्या आजोबांचे मृत्युपत्र चार ओळींचे होते. "माझी सर्व मालमत्ता माझ्या वारसांना समान." कोणाचे नाव नाही, म्हणून नाव चुकण्याचा प्रश्नच नाही. मामांनीही तसेच लिहावे.

उत्तरा

सावंतसाहेब, आजोबांचे वारस बहुधा त्यांची पत्नी व मुलेच असतील, म्हणून ते निभावले. निशिगंध यांच्या मामांनी तसे लिहिले तर निकाल अगदीच वेगळा लागेल. मामा हिंदू असतील असे गृहीत धरते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे पत्नी, अपत्य, आई, वडील कोणीही हयात नसताना त्या अधिनियमाच्या अनुसूचीतील वारसांच्या क्रमात भाऊ-बहीण हे भावाच्या मुलांच्या आधी येतात. भाऊ वारले आहेत, बहीण हयात आहे. म्हणजे मामांची वारस एकटी निशिगंध यांची आई. पुतणी आणि पुतण्या त्या रांगेत नंतर येतात. "माझ्या वारसांना" असे लिहिले तर शर्वरीला काहीही मिळणार नाही.

निशिगंध, याचा दुसरा परिणाम तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. कोणतीही देणगी अनिश्चितपणामुळे बाद झाली आणि शेष मिळकतीची तरतूद केलेली नसली, तर ती मालमत्ता तुमच्या आईकडे जाईल. मसुदा टंकलिखित करणारे तुम्ही. संदिग्ध वाक्य राहिले तर ते मुद्दाम ठेवले असा आरोप होण्यास एवढे पुरे आहे. म्हणून मृत्युपत्राच्या आरंभी मामांनी आपल्या कुटुंबाची माहिती द्यावी. पत्नी वारल्या, अपत्य नाही, दोन भाऊ वारले, बहीण अमुक हयात आहे, भावांची अपत्ये कोण कोण, आणि बहिणीला काही देत नसल्यास ती विस्मरणाने राहिलेली नाही, हे सर्व त्यात यावे.

निशिगंध

आईच वारस ठरते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. आईने हे वाचले आणि पहिला प्रश्न केला की मग मी कशात नको. मसुदा आता मी टंकलिखित करणार नाही, ते काम मामांनी ज्यांना सांगायचे त्यांना सांगावे. पण काय लिहायचे ते मामांना समजावून सांगायचे आहे, म्हणून चर्चा पुढे चालू ठेवतो.

रेवती

आमच्याकडचा अनुभव सांगते. माझ्या चुलत सासऱ्यांच्या मृत्युपत्रात शेतजमीन "माझा नातू गणेश दत्तात्रय" यास लिहिली होती. आमच्या घराण्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवत असल्यामुळे चुलत भावंडांत दोन गणेश होते, आणि योगायोगाने दोघांच्याही वडिलांचे नाव दत्तात्रय होते, कारण तेही दोघे आपल्या आजोबांच्याच नावाचे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तिन्ही सारखे. नातूही दोघे, एक मुलाचा मुलगा आणि एक मयत पुतण्याचा मुलगा, ज्याला सासरे नातूच म्हणत. शेवटी तडजोड झाली, पण दोन्ही घरांचे बोलणे आजही नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की आईचे नाव लिहा. आई दोघांच्या वेगळ्या होत्या.

चंद्रकांत

नेमके म्हणूनच मी आधार क्रमांक म्हणत होतो. आईचे नावही सारखे असू शकते.

उत्तरा

आईचे नाव ही रेवती यांची सूचना उत्तम आहे आणि ती मसुद्यांत क्वचितच दिसते. जन्मतारीखही द्यावी. दोन व्यक्तींचे नाव, आई-वडील आणि जन्मतारीख सारखी असणे जवळजवळ अशक्य आहे.

आधार क्रमांकाला माझा विरोध नाही, पण तो नात्याच्या जागी वापरू नये. एक अंक चुकला तर ती चूक कशावरून सुधारणार? नाव व नाते असेल तर त्यांवरून. शिवाय मृत्युपत्र नोंदवलेले असेल तर मृत्युपत्रकर्त्याच्या निधनानंतर त्याची प्रत कोणीही अर्ज करून मिळवू शकतो. लाभार्थ्यांचे पूर्ण क्रमांक अशा कागदावर नसावेत. शेवटचे चार अंक पुरे आहेत.

चंद्रकांत

चार अंकांवर बँकेतला माणूस समाधानी होत नाही, हा माझा अनुभव आहे. पूर्ण क्रमांक असावा यावर मी ठाम आहे. प्रत कोण मागायला जातो?

निशिगंध

यावर मामांनाच ठरवू द्यावे. पुतणीसाठी मी पुढीलप्रमाणे वाक्य तयार केले आहे. कृपया तपासावे.

"माझी राहती सदनिका माझे दिवंगत थोरले बंधू वसंत यांची मुलगी, म्हणजे माझी सख्खी पुतणी, सौ. शर्वरी निखिल कर्वे, विवाहापूर्वीचे नाव सुनीता वसंत देशमुख, आईचे नाव कमल वसंत देशमुख, जन्मतारीख अमुक, हिला मी देत आहे. हिला घरात सुनीता या नावानेच संबोधले जाते. माझा पुतण्या विलास जयंत देशमुख याची पत्नी सौ. सुनीता विलास देशमुख ही वेगळी व्यक्ती असून सदर सदनिका तिला दिलेली नाही."

उत्तरा

शेवटचे वाक्य फार चांगले आहे. सारख्या नावाची दुसरी व्यक्ती आहे हे आपल्याला ठाऊक होते, असे मृत्युपत्रकर्त्याने स्वतः लिहून ठेवले की पुढे बोलायला जागा राहत नाही. शब्द मात्र थोडे मवाळ करता येतील. "तिला दिलेली नाही" याऐवजी "वरील उल्लेख तिच्याविषयी नाही" असे लिहिले तरी अर्थ तोच राहतो आणि कोणी दुखावत नाही.

"सौ." काढून टाकावे. मृत्युपत्र आज लिहिले जाते आणि पुष्कळ वर्षांनी उघडले जाते. त्या वेळी ती घटस्फोटित किंवा विधवा असू शकते, तिने पुन्हा माहेरचे नाव घेतलेले असू शकते. जन्मनाव, आई-वडील, जन्मतारीख बदलत नाहीत, म्हणून वर्णनाचा मुख्य भार त्यांवर ठेवावा आणि आजचे नाव "सध्याचे नाव" म्हणून द्यावे. तिच्या पासपोर्टवर रोमन लिपीत नाव ज्या स्पेलिंगने असेल ते एकदा कंसात दिल्यास पुढे हस्तांतराच्या वेळी सोय होते.

दत्ता सावंत

वंशावळ जोडली तर? एका कागदावर सगळे दिसेल.

उत्तरा

जोडता येईल. पण ती मृत्युपत्राच्या आधी तयार असावी आणि मृत्युपत्रात तिचा स्पष्ट उल्लेख असावा. त्यावरही मामांची सही घ्यावी. मागाहून कोणी जोडलेल्या वंशावळीला तो मान मिळत नाही. वंशावळ जोडली तरी प्रत्येक देणगीच्या वाक्यात नाव आणि नाते पुन्हा पूर्ण लिहावे.

निशिगंध

आता सर्वांत नाजूक भाग. विलासची "तिन्ही मुले" म्हणजे दोन त्याची आणि एक सुनीताच्या पहिल्या विवाहापासूनचा मुलगा. विलासने त्याला दत्तक घेतल्याचा कोणताही कागद नाही. मामांना तिघांनाही सारखे द्यायचे आहे. पण त्या मुलाला ही गोष्ट अजून सांगितलेली नाही, आणि मृत्युपत्रात "सावत्र" हा शब्द आलेला मामांना मुळीच चालणार नाही.

चंद्रकांत

मग "विलासची तीन मुले" एवढेच राहू द्या. तीन म्हटले म्हणजे तीन. आकडा असला की कोणी वगळता येत नाही.

उत्तरा

आकड्यावर विसंबून राहू नये. कलम 76 खालीच उदाहरण आहे. "अ च्या तीन मुलांना प्रत्येकी 1,000 रुपये" असे लिहिले आणि मृत्युपत्र करताना अ ला चार मुले असली, तर चौघांनाही प्रत्येकी 1,000 मिळतात. आकडा चुकीचा ठरवून वर्णन राखले जाते. येथे उलट घडेल. कोणी म्हणेल, विलासची मुले दोनच, तीन ही चूक आहे. मामांना त्या मुलाविषयी वाटणारी माया तेव्हा साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागेल, आणि जी गोष्ट लपवायची आहे तीच भर न्यायालयात निघेल.

तिघांची नावे लिहावीत, हे ओघाने आलेच. नात्यासाठी मार्ग असा आहे. तिघांनाही जे वर्णन खरेपणाने लागू पडते ते वापरावे. तिघेही सुनीता विलास देशमुख हिची मुले आहेत. तेव्हा "माझा पुतण्या विलास याची पत्नी सुनीता विलास देशमुख हिची मुले, (1) अमुक, जन्मतारीख अमुक, (2) अमुक, जन्मतारीख अमुक, (3) अमुक, जन्मतारीख अमुक, या तिघांना प्रत्येकी एकतृतीयांश" असे लिहिता येते. त्यात खोटे काही नाही, आणि कोणाचे वडील कोण याचा उल्लेखही नाही. मुलाच्या शाळेच्या नोंदीत आणि ओळखपत्रात नाव नेमके कसे आहे ते मात्र पाहून घ्या, कारण तेथे वडिलांचे नाव कोणाचे लागले आहे यावर त्याचे मधले नाव ठरेल.

रेवती

शाळेत मधले नाव पहिल्या वडिलांचेच असेल तर? मग मृत्युपत्रात तीन भावंडांची मधली नावे वेगळी दिसतील आणि मुलाला कळायचे ते कळेलच.

उत्तरा

तसे असेल तर मुलाला ते शाळेतच दिसत असणार. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. ओळख निश्चित करणारी माहिती आणि गुप्त ठेवायची माहिती कधीकधी एकच असते. मधले नाव गाळून नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख दिली तरी ओळख पटते. मी तसे लिहीन. इतर वकील कदाचित पूर्ण नावाचा आग्रह धरतील.

आणखी एक. नावानिशी एकतृतीयांश दिल्यावर तिघांपैकी कोणी मामांच्या आधी वारले, तर त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांना आपोआप जात नाही, तो शेष मिळकतीत पडतो. मृत्युपत्रकर्त्याचे स्वतःचे अपत्य किंवा नातवंड असते तर त्याच्या मुलांसाठी कायद्यात सवलत आहे, पुतण्याच्या मुलांना ती नाही. म्हणून "कोणी हयात नसल्यास त्याचा हिस्सा उरलेल्यांना समान" हे लिहावे, आणि शेवटी उरलेली सर्व मिळकत कोणाला तेही नाव-नात्यासह लिहावे.

निशिगंध

मामांशी बोललो. मुलांचे वाक्य आईच्या नावाने लिहायला त्यांनी लगेच होकार दिला. शाळेतील मधले नाव विलासचेच आहे, तेव्हा रेवती यांची शंका सध्या तरी मिटली.

देखभाल करणाऱ्या दादांना आज त्यांचे पूर्ण नाव विचारले. त्यांनी आधार कार्ड आणि शिधापत्रिका दोन्ही दाखवली. आधारवर आडनाव एक आहे आणि शिधापत्रिकेवर गावावरून पडलेले दुसरेच. जन्मतारखेच्या जागी आधारवर फक्त वर्ष छापलेले आहे. मामांशी त्यांचे काही नातेही नाही, मग वर्णन कशाने करायचे?

चंद्रकांत

येथे तरी आधार क्रमांक पूर्ण लिहाल ना?

उत्तरा

दोन्ही आडनावे "ऊर्फ" लावून लिहा, वडिलांचे नाव आणि सध्याचा व मूळ गावाचा पत्ता द्या, आणि नात्याच्या जागी वस्तुस्थिती लिहा, की अमुक वर्षापासून ते मामांच्या घरी देखभालीचे काम करतात. "माझी देखभाल करणारे" एवढेच वर्णन ठेवू नका, कारण मामांच्या शेवटच्या दिवसांत ते काम दुसरे कोणी करत असेल आणि तोही हक्क सांगेल. दादांनी काम सोडले तरी रक्कम द्यायची की नाही, हे मामांना विचारा आणि जे उत्तर येईल ते त्याच वाक्यात घाला. चंद्रकांत, या एका ठिकाणी तुमचे ऐकायला माझी हरकत नाही, फक्त दादांची संमती घ्यावी.

निशिगंध

काम सोडले तरी द्यायची, असे मामा म्हणाले. दादा मात्र म्हणतात की रक्कम त्यांच्या नावावर नको, मुलीच्या नावावर करा. तिचे पूर्ण नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख ते घरून विचारून आणणार आहेत. ती मिळाल्यावर वाक्य येथे टाकतो.